कादंबरी वाचतो आणि सहा महिन्यांत विसरतो. वही नेमकी कशी ठेवावी?

रातची_लाईट | ८ डिसेंबर, रात्री १:२०

या आठवड्यात आमच्या फीडरवर शेतीची लाईट रात्री बारा ते सकाळी आठ आहे. हरभऱ्याचं ओलित सुरू आहे. स्प्रिंकलरचे पाइप तीन-साडेतीन तासांनी बदलायचे, आणि मधल्या वेळात मोटरच्या खोलीत बसून मी कादंबरी वाचतो. चार हिवाळे झाले हे सुरू आहे. पुस्तकं तालुक्याच्या वाचनालयातून आणतो, पंधरा दिवसांनी परत करावी लागतात.

आता अडचण. मागच्या जानेवारीत दस्तयेवस्कीची 'अपराध और दंड' हिंदीत वाचली, पूर्ण. परवा भाच्याचा फोन आला. तो वर्ध्याला शिकतो, त्यानं तीच नुकतीच संपवली. म्हणाला, "मामा, दुन्यानं केलं ते बरोबर केलं का?" मी विचारलं, दुन्या कोण? तो हसायलाच लागला.

खरं सांगतो, मला कुऱ्हाड आठवते, म्हातारी आठवते, तो ताप आणि ती कोंदट खोली आठवते. बाकी कोरं. बरं, वही ठेवली नव्हती असंही नाही. चौदा पानं भरून चांगली चांगली वाक्यं उतरवून काढली होती. काल ती वही काढून वाचली. वाक्यं अजूनही चांगलीच आहेत, पण कोण कोणाला म्हणालं आणि कशावरून म्हणालं, याचा काही पत्ता लागत नाही.

मला समीक्षा लिहायची नाही. दहा-पंधरा मिनिटांत होईल आणि सात-आठ महिन्यांनी माणसं नि गोष्ट परत उभी करेल, अशी वही कोणी ठेवतं का? कशी ठेवता?

---

पिवळा_पेन | ८ डिसेंबर, सकाळी ७:०५

सोपं आहे भाऊ. वाचताना महत्त्वाच्या ओळींवर पिवळा पेन फिरवायचा, पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि पुस्तकाच्या नावाचा अल्बम करून ठेवायचा. माझ्याकडे साठच्या वर अल्बम आहेत. विसरलं की एकदा फोटो चाळायचे, सगळं परत येतं. आणि वेळ असेल तर पुस्तकच दुसऱ्यांदा वाचायचं, त्याला तोड नाही.

ती कादंबरी मीही वाचली आहे, सात-आठ वर्षं झाली असतील. शेवटी नायकाला, रास्कोल्निकोव्हला, फाशी होते तो प्रसंग तर अंगावर येतो.

---

तयारी_चालू | ८ डिसेंबर, सकाळी ९:४०

सर, तुमचा पर्यायी विषय मराठी साहित्य आहे का? असेल तर नेमलेल्या पुस्तकांच्या तयार नोट्स मिळतात, पात्रचित्रण आणि आशयसूत्रं वेगळी काढलेली असतात. स्वतः लिहायला वेळ घालवू नका. पण दस्तयेवस्की अभ्यासक्रमात नाही, तो सोडून दिला तरी चालेल.

---

रातची_लाईट | ८ डिसेंबर, दुपारी १२:१५

@तयारी_चालू, परीक्षा नाही रे बाबा. वय सदतीस आहे. परीक्षा फक्त भाच्याची, तीही फोनवर.

@पिवळा_पेन, वाचनालयाच्या पुस्तकावर पिवळा पेन फिरवला तर तिथले काका मला दारातून आत घेणार नाहीत.

---

धुऱ्यावरचा | ८ डिसेंबर, दुपारी २:३०

भाऊ, मले तं हे वहीचं काहून लागते तेच समजत नाही. जे पुस्तक काळजाले भिडते ते आठोते, जे नाही भिडलं ते गेलं. उद्धव शेळक्याची 'धग' म्या वीस वर्साखाली वाचली. १९६० चं पुस्तक हाय ते. आजही कौतिक मह्या डोयासमोर उभी हाय. तिचा नवरा महादेव आठोते. आपल्याच बोलीतलं हाय न बाप्पा, इसरतच नाही. वही कायले पाह्यजे? रशियाचे नावं तं तोंडात बसत नाहीत, मंग डोक्यात कुठून बसतीन!

---

जुनी_शाळा | ८ डिसेंबर, रात्री ८:५०

रातची_लाईट, तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे. मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं, आणि निवृत्तीनंतर लक्षात आलं की शिकवलेलं आठवतं पण स्वतःसाठी वाचलेलं आठवत नाही. तेव्हापासून सात वर्षं वही ठेवते आहे. पहिली दोन वर्षं तुमच्यासारखीच वाया गेली, वाक्यं उतरवण्यात. उतरवताना हात चालतो, डोकं चालत नाही.

आता करते ते असं. साधी दोनशे पानी वही, आणि एका कादंबरीला समोरासमोरची दोनच पानं. त्याहून जास्त जागा द्यायची नाही.

डावं पान माणसांचं. ते वाचता वाचता पेन्सिलीनं भरायचं, पण कोणाचंही नाव पहिल्यांदा आलं की लिहायचं नाही. दुसऱ्यांदा आलं की लिहायचं. एकदा येऊन गेलेला गाडीवान वहीत लागत नाही. आणि नावापुढे गुण लिहायचे नाहीत. 'स्वाभिमानी, प्रेमळ' असं लिहिलं तर सहा महिन्यांनी ते कोणालाही लागू पडतं. नातं लिहायचं आणि त्या माणसानं केलेली एक गोष्ट लिहायची. माझ्या वहीत रास्कोल्निकोव्ह म्हणजे 'रा.', आणि तुमची दुन्या अशी आहे: 'दुन्या – रा.ची बहीण. घरची ओढाताण संपावी, भावाचं भलं व्हावं म्हणून लुझिनशी लग्नाला तयार.' एवढ्यावर ती परत उभी राहते.

रशियन नावांचं धुऱ्यावरचा म्हणतात ते खरं आहे, पण त्यात एक गंमत आहे. तिथे एका माणसाची तीन-तीन नावं चालतात. रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव्ह, आणि आईसाठी तोच रोद्या. बहीण अव्दोत्या रोमानोव्हना, घरात दुन्या. सोफिया सेम्योनोव्हना म्हणजेच सोन्या. वाचणाऱ्याला वाटतं सहा माणसं आहेत, असतात तीन. मधलं नाव बापाचं असतं. रोमानोविच म्हणजे रोमानचा मुलगा, रोमानोव्हना म्हणजे रोमानची मुलगी, म्हणजे भाऊ-बहीण हे नावातच सांगून ठेवलेलं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर शामराव, घरी नाना आणि पारावर नान्या, तसंच हे. म्हणून डाव्या पानावर एका ओळीत सगळी नावं बरोबरीच्या खुणेनं जोडून टाकायची: 'अव्दोत्या रोमानोव्हना = दुन्या'. माझ्या अनुभवानं, परदेशी कादंबरीत निम्मा गोंधळ या एका ओळीनं मिटतो.

उजवं पान गोष्टीचं. त्याचं उद्या लिहिते, आज डोळे थकले.

आणि पिवळा_पेन, त्या कादंबरीत फाशी नाही हो. आठ वर्षं सक्तमजुरी होते, सैबेरियात.

---

पिवळा_पेन | ८ डिसेंबर, रात्री ९:३०

मॅडम, मला फाशीचा प्रसंग अगदी स्पष्ट आठवतो. पहाट, थंडी, लोक जमलेले.

---

पिवळा_पेन | ८ डिसेंबर, रात्री १०:१०

अल्बम उघडला. ४१ फोटो आहेत. फाशीचा एकही नाही. शेवटच्या फोटोत सैबेरियातली नदी आहे. मला कळत नाही हे डोक्यात आलं कुठून.

---

जुनी_शाळा | ९ डिसेंबर, संध्याकाळी ७:१५

पिवळा_पेन, मनाला लावून घेऊ नका, हे सगळ्यांचं होतं. फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञानं यावर १९३२ साली पुस्तक लिहिलं. त्यानं अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्रज लोकांना वाचायला दिली आणि मग थोड्या थोड्या दिवसांनी ती परत लिहायला सांगितली. त्या लोककथेतल्या 'कनू' त्यांच्या ओळखीच्या साध्या होड्या झाल्या, सील प्राण्यांची शिकार होती तिची साधी मासेमारी झाली. विचित्र वाटणारे भाग गळाले. म्हणजे गोष्ट नुसती पुसली जात नाही, ती आपल्या ओळखीच्या साच्यात बसवली जाते. खुनी म्हटलं की आपण पाहिलेल्या सिनेमांत शेवटी फाशी, म्हणून तुम्हीही देऊन टाकली. आणि स्पष्ट दिसतं म्हणून ते खरं, असं नसतं.

म्हणून उजव्या पानाची एक अट आहे. पुस्तक संपलं की एक रात्र जाऊ द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून लिहायचं. पंधरा मिनिटं, बारा-पंधरा ओळी. आठवलं नाही तिथे एक ओळ कोरी सोडायची आणि पुढे जायचं. लिहून झालं की मग पुस्तक उघडून कोऱ्या जागा लाल पेनानं भरायच्या, चुकलेलं लाल पेनानं दुरुस्त करायचं. हे पुस्तक परत करायच्या आधी व्हायला हवं. पंधराव्या दिवशी संपवलं तर दुरुस्तीला पुस्तकच राहत नाही, म्हणून मी बाराव्या-तेराव्या दिवशी संपवते.

लिहिताना 'मग' हा शब्द वापरायचा नाही. मग हे झालं, मग ते झालं, अशी यादी टिकत नाही. दोन घटनांच्या मधे 'म्हणून' किंवा 'पण' यायलाच हवं. येत नसेल तर तो दुवा आपल्याला वाचतानाच कळलेला नाही, असं समजायचं. माझं या कादंबरीचं पान उतरवते. ज्यांनी वाचली नाही त्यांनी इथेच थांबा, शेवट सांगितलेला आहे.

'रा. कायदा शिकत होता, पैशाअभावी सुटलं. गहाण ठेवून घेणाऱ्या अल्योना म्हातारीला मारायचं आधीच मनात, पण हिंमत नाही. आईचं पत्र: दुन्या लुझिनशी लग्न करतेय, म्हणून हा पेटतो. बाजारात कानावर येतं की उद्या संध्याकाळी सातला म्हातारी घरी एकटी, म्हणून दिवस ठरतो. पण तिची सावत्र बहीण लिझावेता मधेच येते, म्हणून दुसरा खून, न ठरवलेला. माल दगडाखाली पुरतो. तपास करणाऱ्या पोर्फिरीला संशय, पण पुरावा नाही. त्यात रंगारी पोरगा भलताच गुन्हा कबूल करतो. लुझिनला दुन्या हाकलते, म्हणून तो रा.च्या जवळच्या सोन्यावर शंभराच्या नोटेच्या चोरीचा आळ घेऊन रा.ला घरच्यांच्या नजरेतून उतरवू पाहतो. डाव उघडा पडतो. रा. सोन्यापाशी खून कबूल करतो, पण बंद दाराआड दुन्याच्या मागे लागलेला स्विद्रिगाय्लोव्ह ऐकतो, म्हणून दुन्याला धमकवायला त्याच्या हाती कोलीत. दुन्या बधत नाही, तो स्वतःला गोळी घालतो. पोर्फिरीला सगळं कळलंय पण तो अटक टाळतो, स्वतःहून ये म्हणतो. रा. ठाण्यात कबुली. आठ वर्षं. सोन्या मागोमाग जाते. दुन्याचं लग्न रा.चा मित्र रझुमिखिनशी.'

यात लुझिनची नोट आणि रंगारी पोरगा हे दोन तुकडे माझ्याकडे लाल शाईत आहेत, म्हणजे दुसऱ्याच दिवशी ते निसटले होते. लाल शाई जिथे असते तेच पुढे आधी जातं, म्हणून नंतर वही उघडली की मी आधी लाल वाचते.

धुऱ्यावरचा, तुमची कौतिक पक्की आहे, मान्य. न पाहता तिच्या पोरांची नावं सांगता का?

---

धुऱ्यावरचा | ९ डिसेंबर, रात्री ८:०२

भीमा.

थांबा बाई, दुसरा सांगतो. आठोते मले.

---

पिवळा_पेन | ९ डिसेंबर, रात्री ८:४०

पण मॅडम, न पाहता लिहिण्यात वेळ घालवण्यापेक्षा तोच वेळ परत वाचण्यात का नाही? मी संपल्या संपल्या शेवटची दोन प्रकरणं लगेच परत वाचतो आणि तेव्हा सगळं अगदी ताजं असतं.

---

जुनी_शाळा | ९ डिसेंबर, रात्री ९:२५

ताजं असतंच, म्हणून तर फसायला होतं. रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी अमेरिकेत २००६ साली हेच तपासलं. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते परत वाचले, काहींनी न पाहता जेवढं आठवतं तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा चित्र उलटं झालं, लिहिणारे पुढे गेले. तुम्ही पाच मिनिटांनंतरचं ताजेपण मोजताय.

मात्र ते छोटे उतारे होते आणि वाट एका आठवड्याची होती. पाचशे पानांच्या कादंबरीला आठ महिन्यांनी तेवढाच फरक पडेल असं मी छातीठोक सांगणार नाही. माझ्या वहीवरून पडतो एवढंच.

तुमचे फोटो टाकून देऊ नका. कोऱ्या जागा भरायला ते छान आहेत. फक्त आधी आठवायचं, मग अल्बम उघडायचा.

---

सीतादही | १० डिसेंबर, रात्री ९:५०

दोन दिवस वाचते आहे, आज लिहिते. मला वही जमत नाही. सकाळी अंगणवाडी, दुपारनंतर घरचा कापूस, रात्री पोरगी मांडीवर. पण माझी रीत वेगळी आहे, ती चालेल का ते बाईंनी सांगावं.

मी वाचलेली गोष्ट वेचणीला सांगते. ओळीला सहा-सात बाया असतात, सासूबाई असतात. हात ओट्यात, तोंड मोकळं. एका दिवसात जेवढं वाचलं तेवढं दुसऱ्या दिवशी सांगायचं. 'काल कुठवर आलं होतं?' असं त्याच विचारतात, आणि मला न पाहता आठवावंच लागतं. दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या गोष्टी मला अजून आठवतात. नावं मात्र नाहीत. कारण मी नावं बदलूनच सांगते. नायकाचं नाव त्यांना जमलं नाही तर तो 'शिकेल पोट्टा' होतो आणि नायिका 'गोऱ्या वकिलाची पोरगी'. आता मला तीच नावं आठवतात, पुस्तकातली नाही.

---

जुनी_शाळा | ११ डिसेंबर, सकाळी ६:४०

अहो, तुमची रीत माझ्या वहीपेक्षा चांगली आहे! रोज थोडं थोडं, न पाहता, आणि ऐकणारी माणसं समोर. वहीला मी 'का?' विचारते तेव्हा वही गप्प असते, तुमच्या बाया गप्प बसत नाहीत. नावांसाठी एवढंच करा, पोरगी झोपली की एका कागदावर 'शिकेल पोट्टा = अमुक' अशी बरोबरीची ओळ टाका आणि तो कागद स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवा. बाकी काही लिहू नका.

---

तयारी_चालू | ११ डिसेंबर, सकाळी १०:२०

मॅडम, ही 'न पाहता' वाली पद्धत राज्यशास्त्राला चालेल का?

---

जुनी_शाळा | ११ डिसेंबर, दुपारी १:०५

चालेल बाळा. पण त्यासाठी वेगळा धागा काढ, इथे आम्हाला खून निस्तरू दे.

---

रातची_लाईट | १९ डिसेंबर, रात्री २:४५

बाईंनी सांगितलं तसं करून पाहतो आहे. तेच पुस्तक परत आणलं. वाचनालयातल्या काकांनी वर पाहून विचारलं, "हेच नेलं होतं न मागच्या साली?"

पहिल्या भागाचं पान काल लिहिलं. आधी तीन ओळीच सुचल्या. रडू आलं नाही एवढंच. त्यात माझी चूक अशी झाली की मलपृष्ठावरचा मजकूर डोक्यात होता, तोच हातून उतरला. 'एका तरुणाच्या अंतर्मनातला संघर्ष' वगैरे. ते खोडलं. परत बसलो, 'मग' काढून टाकला, तेव्हा अडकलो ते इथे: आईच्या पत्राचा आणि खुनाचा संबंध काय? मागच्या वर्षी पत्राची ती पानं मी कंटाळून भराभर उलटली होती. म्हणजे दुन्या मी विसरलोच नव्हतो, तिला मी धड वाचलंच नव्हतं.

एक अडचण आहे. डावं पान भरताना वाचन तुटतं. एका हातात विजेरी, मांडीवर पुस्तक, पेन्सिल कुठे ठेवायची? आणि खरं सांगू का, दर दहा पानांनी वही उघडली की त्या खोलीतून बाहेर आल्यासारखं होतं.

---

धुऱ्यावरचा | १९ डिसेंबर, सकाळी ८:१०

हेच तं म्हणून राह्यलो म्या! वाचनाचा मजा गेला मंग काय कामाचं? जेवताना कोणी घास मोजते काय?

---

जुनी_शाळा | १९ डिसेंबर, दुपारी ४:३०

हे माझंही पूर्ण सुटलेलं नाही. मी एक कागदाची पट्टी खूण म्हणून पुस्तकात ठेवते आणि नावं तिच्यावरच टिपते, वही नंतर. तरी काही कादंबऱ्यांत मी मुद्दाम काहीच टिपत नाही, आणि त्या कादंबऱ्यांची माणसं मला कमी आठवतात. किंमत मोजावी लागते, कुठली मोजायची ते ज्यानं त्यानं ठरवावं.

थोडी माणसं असतील तर डाव्या पानाची गरजही नसते. आठ-दहाच्या वर गेली की लागतं. मार्केझच्या १९६७ च्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'मध्ये तर पिढ्यान्पिढ्या तीच दोन नावं फिरतात, आउरेलियानो आणि होसे आर्कादियो. तिथे ओळी पुरत नाहीत, वंशावळच काढावी लागते, पटवाऱ्याकडे वारसाची काढतात तशी.

---

सीतादही | २२ डिसेंबर, रात्री १०:१५

मी या धाग्यातलीच गोष्ट वेचणीला लावली. बाईंचं पान पाठ केलं आणि तीन दिवस पुरवलं. सोन्याचं नाव कोणाला बदलावं लागलं नाही, आमच्या ओळीत एक सोनी आहेच.

पण एका जागी मला अडवलं. शेजारच्या आजी, सत्तरीच्या. मी म्हटलं, त्यानं माल दगडाखाली पुरला. आजी म्हणे, "किती होते पैसे?" मी म्हटलं, माहीत नाही. "मंग काढून खर्चले काहून नाही? पैशासाठीच मारलं न त्यानं तिले?" सगळ्या बाया थांबल्या. माझ्याकडे उत्तर नाही. बाईंच्या पानातही नाही. कोणाला माहीत आहे?

---

रातची_लाईट | २४ डिसेंबर, रात्री ३:२०

आजींना नमस्कार सांगा. त्यांच्या प्रश्नापायी आज एक पाइप अर्धा तास जास्त चालला, बांधात पाणी झालं.

उत्तर सापडलं, अगदी शेवटी उपसंहारात आहे, खटल्याच्या वर्णनात. पाकिटात ३१७ रूबल आणि वर साठ कोपेक होते. पण रास्कोल्निकोव्हला स्वतःलाच ते माहीत नव्हतं! त्यानं पाकीट उघडूनही पाहिलं नव्हतं. न्यायाधीशांनाही हे पटत नाही, आजींसारखंच ते अडून बसतात: चोरी केली आणि किती मिळालं ते पाहिलं नाही, असं कसं? म्हणजे त्यानं पैशासाठी मारलं असं तो स्वतःला सांगत होता, पण पैसा हे कारण नव्हतंच.

हे मी वर्षभरापूर्वी वाचलं होतं. शप्पथ सांगतो, एक अक्षर आठवत नव्हतं.

---

जुनी_शाळा | २४ डिसेंबर, सकाळी ७:३०

मी ही कादंबरी तीनदा वाचली आहे आणि माझ्या पानात ते नाही. आज लाल शाईनं लिहिलं. 'माल दगडाखाली पुरतो' याच्या पुढे 'पण उघडून पाहत नाही.' माझ्या ओळीत तिथे 'पण' नव्हता, हे मला दिसायला हवं होतं.

---

पिवळा_पेन | २४ डिसेंबर, सकाळी ११:००

माझ्या ४१ फोटोंत ते पान आहे. पिवळं केलेलंसुद्धा आहे. आणि तरी फाशी.

---

रातची_लाईट | १७ एप्रिल, रात्री ९:४०

धागा वर काढतोय. बाईंनी महिन्यानं आणि मग तीन-चार महिन्यांनी वही तपासायला सांगितलं होतं, फोनवर. (हो, आता आम्ही बोलतो.) जानेवारीत एकदा केलं. आज दुसऱ्यांदा. अंगणात खाट टाकली, उजव्या पानावर तळहात ठेवला आणि फक्त डावीकडची नावं पाहून गोष्ट सांगितली, बायकोला. ती अर्ध्यात झोपली, तरी पूर्ण सांगितली.

हिशेब असा. दुन्या, लुझिन, रझुमिखिन पक्के. लुझिनची नोट आठवली, पण ती सोन्याच्या खिशात टाकताना पाहणाऱ्या माणसाचं नाव गेलं होतं, ते डाव्या पानावर मी घेतलंच नव्हतं. रंगारी पोरगा साफ गेला, जानेवारीतही गेला होता, लाल शाई असून. स्विद्रिगाय्लोव्ह दाराआड ऐकतो ते आठवलं, पण त्याचा दुन्याशी आधीचा संबंध काय ते अडलं. हात काढून पाहिलं तर तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'याच्या घरी नोकरी.' कोण कोणाच्या घरी? पाच मिनिटं लागली. दुन्या त्याच्या घरी मुलांना शिकवायला होती. चार महिन्यांपूर्वी ते मला इतकं उघड वाटलं असणार की मी कर्ता लिहिलाच नाही.

३१७ रूबल मात्र लगेच आले. साठ कोपेकसकट.

---

सीतादही | १७ एप्रिल, रात्री १०:०५

आजींनाही आठवतात. मागच्या बाजारी भेटल्या तर म्हणे, "त्या पोट्ट्यानं पाकीट उघडलं काय मंग?"

---

धुऱ्यावरचा | १८ एप्रिल, सकाळी ६:२०

नामा. कौतिकच्या दुसऱ्या पोराचं नाव नामा. चार महिने झाले बाई, पण पुस्तक नाही पाह्यलं म्या.